टक्के बाटलीत, चमचा पोटात

गेल्या पावसाळ्यात आत्याला खोकला झाला. मधुमेह निघाल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, ती बिनसाखरेचा चहा पिते. सणाच्या दिवशी पानात पुरणपोळी पडली तर चतकोर ठेवून बाकीची परत करते. खोकल्याच्या चौथ्या दिवशी तिच्या ग्लुकोमीटरवर नेहमीपेक्षा बराच मोठा आकडा दिसला आणि ती घाबरली. मला फोन करून म्हणाली, "चिमूटभरही साखर खाल्ली नाही रे मी. मग ही वाढली कुठून?"

मी घरी गेलो आणि औषधांचा डबा उघडला. खोकल्याच्या औषधाची बाटली अर्धी झाली होती. झाकणाच्या आट्यांवर पांढरट कण चिकटलेले होते आणि ज्या ताटलीत बाटली ठेवली होती तिला मुंग्या लागल्या होत्या. लेबलवर ठळक अक्षरांत औषधाचं नाव होतं. बाकी सगळा मजकूर इतका बारीक की आत्याचं पोथी वाचायचं भिंग आणावं लागलं.

संसर्ग झाला की मधुमेह्याची रक्तशर्करा तशीही वर चढते, त्यामुळे सगळा दोष बाटलीचा नव्हता. पण त्या बाटलीत किती साखर होती हे त्या दिवशी आम्हाला लेबलवरून कळलं नाही, हेही तितकंच खरं. तेव्हापासून मी घरात येणारं प्रत्येक पातळ औषध भिंगाखाली धरतो. त्यातून कळलेली पहिली गोष्ट अशी, की अल्कोहोल आणि साखर हे दोन्ही पदार्थ लेबलवर वेगवेगळ्या रीतीने दडलेले असतात. अल्कोहोल लिहिलेलं असतं, पण टक्क्यांत, त्यामुळे चमच्यात किती आलं ते समजत नाही. साखर बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते, ती ओळखावी लागते.

आधी साखर. लेबलवर 'प्रत्येक ५ मिलीमध्ये' अशी सुरुवात करून घटकांची यादी येते. ही यादी गुणकारी घटकांची असते आणि त्यांची वजनं मिलिग्रॅममध्ये दिलेली असतात. यादीच्या शेवटी एक ओळ दिसते, 'फ्लेवर्ड सिरप बेस, क्यू. एस.'. क्यू. एस. हे एका लॅटिन शब्दप्रयोगाचं लघुरूप आहे आणि त्याचा अर्थ 'पुरेल इतकं'. म्हणजे गुणकारी घटक घातल्यावर ५ मिली भरेपर्यंत सिरप ओतलं. ते किती ओतलं, हे या दोन अक्षरांच्या मागे राहतं. गुणकारी घटक जेमतेम काही मिलिग्रॅम असतात. बाटलीतला जवळजवळ सगळा ऐवज त्या शेवटच्या ओळीतला असतो.

सिरप म्हणजे काय, हे भारतीय औषधसंहितेत ठरलेलं आहे. साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर असते. म्हणजे दोन भाग साखर आणि एक भाग पाणी, आपल्या पाकासारखंच. हा पाक पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ५ मिलीचं वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यात साधारण ४.४ ग्रॅम साखर येते. चहाच्या सपाट चमच्यात साखर मावते तीही सुमारे ४ ग्रॅमच. त्यामुळे एक सोपी खूणगाठ बांधता येते. चमचाभर सिरपमध्ये जास्तीत जास्त चमचाभर साखर असू शकते. प्रत्येक औषध निव्वळ पाकात केलेलं नसतं. कुणात पाण्याचा भाग जास्त, कुणात ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल. म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजावा.

आत्याचं गणित यावरून मांडता येतं. १० मिली दिवसातून तीन वेळा, म्हणजे ३० मिली. पूर्ण पाक धरला तर २६ ग्रॅम साखर, अर्धा पाक धरला तरी १३ ग्रॅम. तीन ते सहा चमचे साखर आणि तीही रोज. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही बाहेरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. निरोगी माणसाला पाच दिवसांच्या खोकल्यात याने काही होत नाही. पण आत्या चहातली जी साखर चमच्याने मोजून टाळत होती, ती औषधाच्या झाकणातून तिच्या पोटात जात होती.

साखर औषधात का घालतात, तेही समजून घेतलं पाहिजे. ती नुसती चवीसाठी नसते. घट्ट पाकात जंतू वाढत नाहीत, कारण पाक त्यांच्यातलं पाणी शोषून घेतो. मुरांबा वर्षभर टिकतो तोही याच गुणामुळे. शिवाय पाकामुळे औषध दाट होतं, कडू चव झाकली जाते आणि घशाला लेप बसल्यासारखं वाटतं. साखर काढली तर ही सगळी कामं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतात. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बाटलीत ती बहुधा सॉर्बिटॉल, ग्लिसरीन आणि सुक्रालोज किंवा सॅकरिनसारखा गोड पदार्थ मिळून करतात. सॉर्बिटॉल रक्तातली साखर कमी आणि सावकाश वाढवतो, पण जास्त पोटात गेला तर जुलाब होतात. म्हणून 'शुगर फ्री' औषधही ठरलेल्या मापातच घ्यायचं.

लहान मुलांच्या बाबतीत साखरेचा घाव दातांवर पडतो. ज्यांना महिनोन् महिने गोड सिरप घ्यावं लागतं अशा लहान मुलांचे दात इंग्लंडमध्ये तपासले गेले. तो अभ्यास १९७९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. गोळ्या घेणाऱ्या किंवा औषध न घेणाऱ्या मुलांपेक्षा सिरप घेणाऱ्या मुलांच्या दातांत कीड जास्त आढळली आणि हिरड्याही जास्त सुजलेल्या होत्या. अपस्माराचं, दम्याचं किंवा लोहाचं औषध वर्षभर चालू असलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही हेच लागू आहे. त्यात रात्रीचा डोस सर्वांत वाईट. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर बसलेला पाक धुऊन जात नाही. औषध जेवणाबरोबर द्यावं, नंतर चूळ भरायला लावावी आणि रात्रीचा डोस दात घासण्याआधी संपवावा, इतकं केलं तरी बरंच नुकसान टळतं.

साखरेच्या बाबतीत लेबलवर आणखी एक खूण शोधण्यासारखी आहे. काही टॉनिकं औषध म्हणून विकली जातात आणि त्यांच्यावर 'मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स' क्रमांक असतो. काही तशाच दिसणाऱ्या बाटल्या आहारपूरक म्हणून विकल्या जातात आणि त्यांच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीवर बिस्किटाच्या पुड्यासारखा पोषणतक्ता छापावा लागतो आणि त्यात साखरेचे ग्रॅम दिलेले असतात. पहिल्या प्रकारच्या बाटलीवर बहुधा तो नसतो. दुकानात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन टॉनिकांपैकी एक साखर सांगतं आणि एक सांगत नाही, याचं कारण इतकंच आहे.

आता अल्कोहोल. पुष्कळ पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. मेन्थॉल आणि वनस्पतींतली तेलं ही त्यांपैकीच. शिवाय पुरेसं अल्कोहोल असलं की औषध नासत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या खोकल्याच्या औषधांत आणि भूक वाढवणाऱ्या टॉनिकांत ते सर्रास असायचं आणि काहींत आजही असतं. भारतातल्या औषध नियमांनुसार ३ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असेल तर त्याचं प्रमाण लेबलवर छापणं बंधनकारक आहे. या नियमाला दुसरी बाजूही आहे. ३ टक्क्यांच्या खाली असेल तर लेबल गप्प राहू शकतं. म्हणून अल्कोहोलचा उल्लेख नाही, एवढ्यावरून ते मुळीच नाही असं समजू नये. ज्याला ते पूर्ण टाळायचंय त्याने 'अल्कोहोल फ्री' हे शब्द छापलेले आहेत का ते पाहावं. 'शुगर फ्री' आणि 'अल्कोहोल फ्री' हे वेगळे दावे आहेत, एक असला म्हणून दुसरा असतोच असं नाही.

हे प्रमाण दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. एक म्हणजे सरळ टक्के, 'अल्कोहोल ११ टक्के व्ही/व्ही'. व्ही/व्ही म्हणजे आकारमानाने, १०० मिली औषधात ११ मिली शुद्ध अल्कोहोल. दुसरी तऱ्हा फसवी नसली तरी नजरेतून निसटणारी आहे. घटकांच्या यादीत इतर नावांबरोबर 'इथेनॉल (९५ टक्के) ०.२६ मिली' असं दिलेलं असतं. ०.२६ हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो ५ मिलीमधला आहे. गुणाकार-भागाकार केला की ते ५ टक्क्यांच्या जवळ जातं, म्हणजे बिअरइतकं.

टक्क्यांवरून चमच्यातलं अल्कोहोल काढणं सोपं आहे. औषध किती मिली घ्यायचं त्याला टक्क्यांनी गुणायचं, शंभराने भागायचं. हे झाले मिली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ०.८ ने गुणलं की ग्रॅम मिळतात. ११ टक्क्यांचं टॉनिक १५ मिली घेतलं, तर १.६५ मिली अल्कोहोल, म्हणजे साधारण १.३ ग्रॅम. ५ टक्के बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅम असतं. म्हणजे टॉनिकचा एक डोस हा त्या बाटलीचा विसावा भाग झाला. निरोगी प्रौढाचं यकृत एवढं अल्कोहोल अर्ध्या तासाच्या आत निपटून टाकतं. ११ टक्के हा आकडा बिअरच्या दुप्पट असला तरी टॉनिक घेणारा माणूस दारू पितो असं म्हणणं बरोबर नाही. सगळा फरक मापाचा आहे. टक्के बाटलीचं वर्णन करतात, परिणाम चमचा ठरवतो.

मराठी घरांत अल्कोहोल असलेलं सर्वांत ओळखीचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं नसतंच. ते असतं दशमूलारिष्ट, द्राक्षासव, कुमारीआसव. बाळंतिणीच्या उशाशी दशमूलारिष्टाची बाटली अजूनही दिसते. या बाटल्यांवर बारीक अक्षरांत 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल ५ ते १० टक्के' अशी ओळ असते. बाहेरून मिसळलेलं नाही, आपोआप तयार झालेलं, असा त्याचा अर्थ. वनस्पतींच्या काढ्यात गूळ, मध किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून भांडं आठवडेच्या आठवडे बंद ठेवतात. फुलांबरोबर आलेलं यीस्ट गुळाचं अल्कोहोल करतं आणि ते अल्कोहोल मुळं-सालींतला अर्क ओढून घेतं. आतून वायू यायचा थांबला का हे पाहायला जुने वैद्य पेटती काडी भांड्याच्या तोंडाशी धरत. ती विझली तर किण्वन अजून चालू आहे असं समजायचं.

पण आपोआप तयार झालेलं आणि बाहेरून घातलेलं अल्कोहोल हे एकच रसायन आहे. शरीराला त्यात फरक कळत नाही. शिवाय सगळा गूळ काही यीस्ट खात नाही, थोडी साखर आसवात उरतेच. म्हणजे हे दोन्ही पदार्थ एकाच बाटलीत असतात. ८ टक्क्यांचं अरिष्ट २० मिली, तितक्याच पाण्यातून घेतलं, तर पोटात साधारण १.३ ग्रॅम अल्कोहोल जातं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या रक्तात जेवढं अल्कोहोल असतं साधारण तेवढंच दुधात उतरतं आणि अर्ध्या ते एक तासात ते सर्वांत जास्त असतं. एवढ्याशा डोसात ते प्रमाण अगदी थोडं राहतं. तरीही बाळाला पाजून झाल्यावर डोस घेतला तर पुढच्या पाजण्यापर्यंत ते निघून जातं. भीती डोसाची नाही, अंदाजाने ओतण्याची आहे. ४५० मिलीच्या बाटलीत ८ टक्क्यांनी २८ ग्रॅमहून जास्त अल्कोहोल असतं, बिअरच्या मोठ्या बाटलीपेक्षा अधिक.

औषधातल्या या अल्कोहोलने एकदा मुंबईच्या कायद्यालाही पेचात टाकलं होतं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूची व्याख्या इतकी रुंद होती की अल्कोहोल असलेलं कोणतंही पातळ द्रव्य तीत येत होतं, औषधंही. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायम ठेवली, पण अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. पुढे कायद्यात जी दुरुस्ती झाली तिचा रोख असा, की औषध नशेसाठी पिण्याजोगं नसेल तर ते बंदीतून मोकळं. म्हणजे कायद्यालाही शेवटी अल्कोहोल आहे की नाही एवढ्यावर थांबता आलं नाही. ते कशात, किती आणि कशासाठी आहे, हे पाहावं लागलं.

ज्यांच्या बाबतीत 'थोडंसंच आहे' हे उत्तर चालत नाही अशी माणसं मात्र आहेत. पहिला, दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणारा. हे औषध यकृतातलं एक विकर अडवतं. मग अल्कोहोलचं विघटन अर्ध्यावर थांबतं आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ रक्तात साचतो. दहा मिनिटं ते अर्ध्या तासात चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो. किती अल्कोहोलने हे घडेल ते प्रत्येक शरीरात वेगळं, म्हणूनच या गोळीच्या माहितीपत्रकात खोकल्याच्या औषधांचंही नाव घेऊन इशारा दिलेला असतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. घरच्यांना या गोळीची माहिती असते, पण सर्दी झाली की शेजारच्या दुकानातून आणलेल्या बाटलीचं लेबल कुणी वाचत नाही. काही जंतुनाशक गोळ्यांच्या पत्रकांतही अल्कोहोल टाळायला सांगितलेलं असतं, त्यांनाही हाच नियम लावावा.

दुसरं, लहान मूल. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी आणलं आणि त्याच्या जुन्या कृतीत ३.६ टक्के अल्कोहोल होतं. पोटदुखीने रडणारी बाळं त्यामुळे शांत होत. आज ते काढून टाकलेलं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ साली चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पोटात घ्यायच्या औषधांवर मर्यादा घातली. बारा वर्षांवरच्यांसाठी १० टक्के, सहा ते बारा वर्षांसाठी ५ टक्के आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अवघा अर्धा टक्का. मुलांचा आकडा इतका खाली का, ते एका हिशोबातून दिसतं. १० किलोच्या मुलाने आजोबांच्या १० टक्के टॉनिकची १०० मिलीची बाटली गोड लागते म्हणून पिऊन टाकली, तर ८ ग्रॅम अल्कोहोल पोटात गेलं. ते सगळं शोषलं गेलं तर त्याच्या १०० मिली रक्तात शंभर मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल होईल. गाडी चालवणाऱ्या प्रौढासाठी आपल्याकडची कायद्याची मर्यादा ३० आहे. आणि मुलात गुंगीपेक्षा मोठा धोका वेगळा असतो. अल्कोहोल यकृताला साखर बनवू देत नाही, मुलाच्या यकृतातला साठा थोडा असतो, त्यामुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. मूल सुस्त, घामेजलेलं, झटके देणारं दिसलं आणि बाटली रिकामी सापडली, तर ती बाटली घेऊनच रुग्णालय गाठावं. डॉक्टरांना लेबलवरचा टक्का तिथे लगेच लागतो.

दुकानात काय विचारायचं, हे आत्याने आता पाठ केलंय. "हे पाकात आहे का? बिनसाखरेचं मिळेल का? यात अल्कोहोल किती टक्के?" पुष्कळदा त्याच औषधाची गोळी मिळते आणि दोन्ही प्रश्न मिटतात. माप ती बाटलीच्या टोपणानेच घेते, कारण घरातले चमचे सारखे नसतात आणि चहाच्या चमच्याऐवजी वाढायचा चमचा हातात आला की डोस तिप्पट होतो.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा औषधांच्या डब्याला दोऱ्याने भिंग बांधलेलं होतं. प्रत्येक बाटलीच्या टोपणावर तिने मार्करने लिहिलं होतं. एकावर 'पाक', एकावर 'बिनसाखर', सुनेच्या अरिष्टावर '८ टक्के'. सगळ्यात मागे, नातवाचा हात पोचणार नाही अशा फळीवर, आजोबांचं टॉनिक उभं होतं. त्याच्या टोपणावर मोठ्या अक्षरांत '११ टक्के' लिहिलं होतं. ते वाचायला भिंग लागत नव्हतं.